आमची वाटचाल: एका वहीपासून दोन बाजूंपर्यंत

दुकान सुरू केलं तेव्हा आमच्याकडे एकच वही होती. दिवसभरात किती विक्री झाली, कुणाला किती पैसे दिले एवढंच लिहायचो आणि रात्री गल्ला मोजायचो. सुरुवातीला भागलं, पण मग गिऱ्हाईकांची उधारी वाढली, माल पण उधारीवर यायला लागला आणि एका महिन्यात विक्री तर भरपूर दिसतेय पण गल्ल्यात पैसे नाहीत, आणि ते गेले कुठे हे वहीवरून काही केल्या कळेना. शेवटी ओळखीतले एक काका, आयुष्यभर हिशेबच लिहिलेला माणूस, त्यांनी आम्हाला डबल एंट्री शिकवली.

काकांनी सांगितलं की प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत लिहायचा, एकात नावे, दुसऱ्यात जमा, रक्कम तीच. मी पहिल्याच दिवशी अडकलो, कारण पैसे आले की आपण बोलताना "जमा झाले" म्हणतो आणि काका तर सांगत होते की रोकड खात्यात आलेले पैसे नावे पडतात! ते म्हणाले, "असं समज की रोकड खातं म्हणजे गल्ला सांभाळणारा माणूस. तू त्याच्या हातात पैसे दिलेस, ते त्याच्या नावे पडले, आता त्यांचा हिशेब त्याने तुला द्यायचा." मग बँकेचं पण कोडं सुटलं. आपण भरलेले पैसे बँकेच्या स्टेटमेंटला क्रेडिट दिसतात कारण ती वही बँकेची असते, आणि तिच्या वहीत ती आपलं देणं लागते.

त्यांनी एका दिवसाचा हिशेब माझ्याकडूनच लिहून घेतला, तो अजून लक्षात आहे. सकाळी गल्ल्यात २००० होते, ते आमचं भांडवल, म्हणजे रोकड नावे आणि भांडवल जमा. मग ८००० चा माल उधारीवर आला, खरेदी नावे, व्यापाऱ्याचं खातं जमा. दिवसभरात ५२०० ची रोख विक्री झाली, रोकड नावे, विक्री जमा. एक गिऱ्हाईक १५०० चा माल उधारीवर घेऊन गेलं, त्याचं खातं नावे, विक्री जमा. संध्याकाळी व्यापाऱ्याला ३००० दिले, त्याचं खातं नावे, रोकड जमा.

आता प्रत्येक खात्याची बाकी काढली. नावे बाजूला रोकड ४२००, खरेदी ८०००, गिऱ्हाईक १५००, मिळून १३७००. जमा बाजूला भांडवल २०००, व्यापारी ५०००, विक्री ६७००, तेही १३७००. यालाच तेरीज म्हणतात, हल्ली सगळे ट्रायल बॅलन्स म्हणतात. हे जुळतं कारण प्रत्येक नोंद दोन्ही बाजूंना एकच रक्कम टाकते, त्यामुळे बरोबर लिहिलं तर फरक पडायला जागाच राहत नाही. आणि मला जे कळत नव्हतं ते पण इथेच दिसलं, विक्री ६७०० ची पण त्यातले १५०० अजून गिऱ्हाईकाकडेच आहेत आणि ३००० व्यापाऱ्याला गेलेत.

पुढे मी एकटा लिहायला लागलो तेव्हा एकदा तेरीज ३६०० नी चुकली, नावे बाजू जास्त. मी सगळी बेरीज तीनदा केली. काका म्हणाले आधी फरकाला ९ नी भाग जातो का बघ. गेला. म्हणजे कुठेतरी आकडे उलटसुलट झाले असण्याची शक्यता, आणि खरंच, एका गिऱ्हाईकाच्या खात्यात मी १५०० च्या जागी ५१०० लिहिले होते. ९ नी भाग गेला नाही तर फरकाच्या निम्मी रक्कम शोधायची, कारण जमेची रक्कम चुकून नावे बाजूला पडली की फरक दुप्पट दिसतो. या दोन युक्त्यांनी प्रत्येक चूक सापडते असं नाही, पण आमच्या बऱ्याच रात्री वाचल्या.

मात्र तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असं मी धरून चाललो होतो ते महागात पडलं. एका व्यापाऱ्याचं २४०० चं बिल ड्रॉवरमध्येच राहिलं, नोंदच झाली नाही, म्हणजे दोन्ही बाजूंना २४०० कमी, आणि तेरीज आपली जुळलेली. तसंच एका गिऱ्हाईकाची उधारी दुसऱ्याच गिऱ्हाईकाच्या खात्यात नावे पडली तरी बेरजेला काही कळत नाही, आणि त्या बिचाऱ्याला आपण न घेतलेल्या मालाचे पैसे मागायला जातो. ते बिल सापडलं तेव्हाच, जेव्हा महिनाअखेरीला व्यापाऱ्याने त्याच्या वहीचा उतारा पाठवला आणि आमच्या बाकीपेक्षा त्याची बाकी बरोबर २४०० नी जास्त निघाली. तेव्हापासून आम्ही रोज रात्री गल्ला मोजून रोकड खात्याशी ताडतो, आणि महिन्यातून एकदा प्रत्येक व्यापाऱ्याकडून उतारा मागवून ओळ न् ओळ टिक करतो, तेरीज जुळलेली असली तरी.