टिपणीच्या पहिल्या चार ओळी

नाशिकजवळच्या एका द्राक्ष पॅकहाउसच्या प्रशासन विभागात मी काम करते. फेब्रुवारीत, ऐन हंगामात, आमचे देखभाल अभियंते दोन पानांची टिपणी घेऊन माझ्याकडे आले. शीतगृहाचे जुने जनित्र भरवशाचे राहिले नव्हते. संचालक अकरा वाजता मुंबईला निघणार असल्याने टिपणी त्यांच्या फोनवर पाठवायची होती आणि ती एका पानात बसवून द्या, एवढीच अभियंत्यांची अपेक्षा होती.

विषयाच्या ओळीत ‘जनित्राबाबत’ असे लिहिले होते. त्याखाली जनित्र कधी घेतले, कोणते भाग बदलले, भार घेताना ते कसे बंद पडते, याचा क्रमवार इतिहास होता आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी ‘तरी याबाबत योग्य तो निर्णय व्हावा, ही विनंती’ असे वाक्य होते. विषय, संदर्भ, पार्श्वभूमी आणि शेवटी ‘सबब’ हा सरकारी टिपणीचा साचा आपल्या हातात इतका मुरलेला आहे की खासगी कंपनीतही तोच उमटतो. फाइल एकेका टेबलावरून वर चढते आणि प्रत्येक जण ती सावकाश वाचतो, तिथे हा साचा चालूनही जातो. आमच्या संचालकांना मात्र फोनच्या पडद्यावर पहिल्या सात-आठ ओळी दिसणार होत्या आणि कसाऱ्याच्या घाटात रेंज जाण्यापूर्वी त्यांचे उत्तर यायला हवे होते.

मी मजकुराला हात लावण्याआधी अभियंत्यांना विचारले, “साहेबांनी नेमके काय मंजूर करावे असे तुमचे म्हणणे आहे?” ते म्हणाले, “दुरुस्ती करायची की भाड्याने आणायचे, ते साहेब ठरवतील ना, मॅडम.” टिपणी लांबण्याचे खरे कारण मला इथे सापडले. लिहिणाऱ्याची शिफारसच ठरलेली नसली की पहिली ओळ लिहिता येत नाही आणि ती जागा इतिहास भरून काढतो. अशा टिपणीवर ‘चर्चा करावी’ असा शेरा येतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे नुसते ‘पाहिले’ आणि आद्याक्षरे. दोन्हींचा अर्थ एकच असतो: वाचणाऱ्याला आपल्याकडून काय हवे आहे ते कळलेले नाही.

आम्ही दोघांनी मिळून दोन्ही पर्याय तपासले. दुरुस्तीसाठी सुटे भाग यायला तीन आठवडे लागणार होते, म्हणजे हंगामाचा मोठा भाग हातचा जाणार होता. त्यामुळे शिफारस भाड्याच्या बाजूने ठरली आणि टिपणीची सुरुवात अशी झाली:

‘विषय: २५० केव्हीएचे जनित्र दोन महिन्यांसाठी भाड्याने घेण्यास मंजुरी. दरमहा १,१०,००० रुपयांप्रमाणे एकूण २,२०,००० रुपयांचा खर्च (डिझेल वेगळे) देखभाल खात्यातून करण्यास मंजुरी मिळावी. पुरवठादाराने यंत्र आज दुपारी चार वाजेपर्यंतच राखून ठेवले आहे. मंजुरी न मिळाल्यास वीज गेल्यावर प्रीकूलिंग बंद पडण्याचा धोका हंगामभर राहील.’

काय हवे, किती पैसे, कोणत्या खात्यातून, कधीपर्यंत आणि नकार दिला तर काय होईल, एवढे या ओळींत आले. ‘डिझेल वेगळे’ हे दोन शब्द वरच ठेवण्याबद्दल मी आग्रही राहिले, कारण अडचणीचा आकडा खाली दडवला की पुढच्या वेळी आपल्या पहिल्या ओळीवर कोणी विश्वास ठेवत नाही. त्यानंतरच्या परिच्छेदात कारण दिले. पेट्यांतला माल शून्य अंशाच्या जवळ नेताना थंडावा मध्येच तुटला, तर देठ सुकून तपकिरी पडतात, आणि थंड झालेल्या मण्यांवर दमट हवेतले पाणी धरले की बुरशीला वाव मिळतो. तिसऱ्या परिच्छेदात दुरुस्तीचा पर्याय का मागे ठेवला ते तीन वाक्यांत सांगितले. चौथ्यात भाडे जास्त असल्याचा लेखा विभागाचा आक्षेप जसाच्या तसा नोंदवला, कारण तो संचालकांना फोनवरून वेगळा कळला असता तर मंजुरी तिथेच अडली असती. इतिहासाचे दीड पान आणि दरपत्रक परिशिष्ट म्हणून जोडले.

जुने जनित्र विकून टाकावे ही मागणीही मूळ टिपणीत होती. ती मी काढायला लावली, तेव्हा अभियंत्यांना ते फारसे रुचले नाही. पण एका कागदावर दोन निर्णय मागितले की सोप्या निर्णयालाही अवघड निर्णयामागे ताटकळावे लागते.

इगतपुरीच्या अलीकडूनच उत्तर आले: ‘मंजूर. डिझेलचा हिशेब दर आठवड्याला द्यावा.’

विक्रीची टिपणी दुसऱ्या दिवशी लिहायला घेतली, तेव्हा तिची पहिली ओळ काही केल्या जमेना, कारण जनित्राची किंमत किती येईल याचा अंदाजच कोणी घेतला नव्हता. शेवटी विषयाच्या ओळीतच ‘फक्त माहितीसाठी, निर्णय अपेक्षित नाही’ असे लिहून ती पाठवली आणि मूल्यांकनाचे काम हंगामानंतर करायचे ठरवले.