टाचेचा फोड आणि कापलेली साल

अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या बघायला मी नवी मोजडी घालून निघाले. राजवाड्यापर्यंत पोचेतो दोन्ही टाचा हुळहुळायला लागल्या. फोड येण्याआधी असंच हुळहुळतं. तिथेच थांबून पट्टी लावायला हवी होती. पहाटे घरी येऊन पाहिलं तर उजव्या टाचेवर वाटाण्याएवढा फोड आणि डाव्यावर रुपयाएवढा, पाण्याने टम्म.

उजव्याला मी हात लावला नाही. आठवड्याभरात पाणी जिरलं आणि साल वाळून गळून पडली.

डाव्याचं आठवलं की अजून चिडचिड होते. पाय टेकवेना म्हणून जवळच्या एका दवाखान्यात गेले. दीड तास बसवून ठेवल्यावर तिथल्या मदतनीसाने फोड फोडला आणि मी काही बोलायच्या आत कात्रीने वरची साल गोल कापून काढली. "आता लवकर वाळेल," म्हणाला. वर कापूस आणि चिकटपट्टी. संध्याकाळपर्यंत कापूस असा चिकटला की कोमट पाण्यात पाय बुडवून अर्धा तास तो सोडवत बसले. खाली लाल, ओली जागा. चादर लागली तरी झोंबायची.

मावशी बरीच वर्षं नर्स होती. पाय बघून म्हणाली, "अगं, ती सालच तर खरी पट्टी होती!" घासून कातडीचे थर सुटतात आणि मधे पाणी भरतं, खाली नवी कातडी येईपर्यंत वरची साल जंतूंना आत येऊ देत नाही. मोठा फोड फारच ठणकत असेल तर जागा साबणाने धुवायची, स्पिरिटने पुसलेल्या सुईने कडेला एक-दोन भोकं पाडायची आणि पाणी हलकेच दाबून काढायचं. साल तशीच राहू द्यायची. सासूबाईंसारखा मधुमेह असेल तर हेही घरी करायचं नाही, थेट डॉक्टरांकडे जायचं.

मग रोज साध्या पाण्याने धुऊन, व्हॅसलीन लावून, न चिकटणारी पट्टी ठेवली. चौथ्या दिवशी भोवती लाली दिसली, तेव्हा मावशीने तिच्या कडेने पेनने रेघ ओढली. लाली रेघेबाहेर गेली, पू आला किंवा ताप चढला, तर डॉक्टरांकडे. ती आतच राहिली. तरी जखम भरायला सोळा दिवस लागले.

हो, एक राहिलं. उजव्या फोडाला चप्पल लागू नये म्हणून मी जाड फेल्टच्या तुकड्याला मधोमध भोक पाडून तो फोडाभोवती चिकटवला होता, म्हणजे दाब कडेवर येतो. साध्या पट्टीचा गोंद फोडावर येऊ देऊ नका. काढताना साल सोबत येते.

मोजडीची मागची कड आता तेल लावून रोज थोडी वाकवते आहे. अजून घातलेली नाही.