गाडी उजवीकडे सरकली की तिला आणखी उजवीकडे ढकला!

आमच्या लॅबमध्ये रुळावर धावणारी एक गाडी आहे आणि तिच्यावर बिजागरीने बसवलेला एक दांडा. हा दांडा उभा तोलून धरायचा, हा माझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता. त्यातले सहा आठवडे एका वजाच्या चिन्हाने खाल्ले. खरं तर चिन्हापेक्षा जास्त वेळ त्या स्लॉटच्या फॉर्मने खाल्ला. गाडी फक्त गुरुवारी तीन ते पाच मिळायची. आदल्या सोमवारी फॉर्म भरायचा, त्यावर गाईड सर आणि लॅब इन्चार्ज अशा दोघांच्या सह्या. दहा सेकंदांत कळणारी चूक सुधारायला सात दिवस लागायचे. वाशीहून लोकलमध्ये उभ्याने येताना मी त्या फॉर्मला मनातल्या मनात काय काय म्हटलंय, ते इथे लिहीत नाही.

समीकरणं मांडायला त्रास झाला नाही. गाडी 0.8 किलो, दांड्याच्या टोकाचं वजन 0.2 किलो, लांबी 0.4 मीटर, आणि दांडा इतका हलका की त्याचं स्वतःचं वजन सोडून दिलं. उभ्या स्थितीजवळ साइनच्या जागी कोन, कोसाइनच्या जागी एक, आणि कोनीय वेगाच्या वर्गाचं पद गाळायचं, की लिनिअरायझेशन झालं. उजवीकडची दिशा धन, दांडा उजवीकडे झुकला तर कोनही धन. x म्हणजे गाडीचं मध्यापासूनचं अंतर, θ म्हणजे दांड्याचा कोन, F म्हणजे गाडीवरचा फोर्स. मग उरतं ते इतकंच:

```
ẍ = 1.25 F − 2.45 θ
θ̈ = 30.66 θ − 3.125 F
```

30.66 चं वर्गमूळ साधारण 5.5. म्हणजे नुसता सोडलेला दांडा एकदा पडायला लागला की दर 0.18 सेकंदात जवळपास पावणेतीन पट कलतो. म्हणून पोल, म्हणजे बंद लूपच्या समीकरणाची मुळं, त्याच्या आसपास, पण डाव्या बाजूला ठेवले: दोन −2 वर, दोन −6 वर. (इथे MATLAB चं `place` वापरू नका. एकच इनपुट असताना तेच पोल दोनदा दिले की ती एरर देते. `acker` चालते.)

```
A = [0 1 0 0; 0 0 -2.45 0; 0 0 0 1; 0 0 30.66 0];
B = [0; 1.25; 0; -3.125];
K = acker(A, B, [-2 -2 -6 -6])
```

उत्तर आलं साधारण −4.7, −6.3, −39.8, −7.6. फोर्स म्हणजे उणे K गुणिले स्टेट, म्हणून चारही चिन्हं उलटली:

F = 4.7x + 6.3ẋ + 39.8θ + 7.6θ̇

इथे माझं डोकं अडलं. कोनाचं पद पटलं: दांडा उजवीकडे झुकला तर गाडी उजवीकडे न्या, त्याच्या खाली जा. पण पहिलं पद? गाडी मध्यापासून उजवीकडे सरकलीय, आणि हे सूत्र तिला आणखी उजवीकडे ढकलतंय! मला वाटलं, कोनाची दिशा कुठेतरी उलटी घेतली असणार. मी शहाणपणा करून पहिल्या दोन गेनची चिन्हं बदलली. पार्टनर म्हणाला, "थांब, सिम्युलेशन तरी करून बघ." मी म्हणाले, "गुरुवार वाया जाईल."

तो तसाही गेलाच. दांडा पडला नाही, हीच तर फसवणूक. तो पुढे किंचित कलून ऐटीत उभा राहिला आणि गाडी त्याला घेऊन वेग वाढवत उजवीकडे धावत सुटली. दोन सेकंदांत रुळाच्या टोकाला धाडकन आपटली आणि पट्ट्याचे दोन दात तुटले. लॅबवाले काका म्हणाले, "बाळा, आता नादुरुस्तीचा फॉर्म." तीन प्रतींत. कारणाच्या रकान्यात मी 'गाडी आपटली' लिहिलं, तो परत आला, 'सविस्तर लिहा' म्हणून. नवा पट्टा लॅमिंग्टन रोडवरून आणला, स्वतःच्या पैशांनी.

पुढच्या गुरुवारी मी ती दोन्ही पदं शून्य केली. दांडा छान उभा, गाडी मात्र हळूहळू सरकत टोकाशी. मग कोनाचे गेन वाढवले. तेच, फक्त थरथर जास्त. आणखी दोन गुरुवार असेच गेले.

शेवटी घरी बसून, F च्या सूत्रातल्या चार गेनना क्रमाने a, b, c, d नाव देऊन, बंद लूपचं समीकरण हातानं सोडवलं. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं:

s⁴ + (3.125d − 1.25b)s³ + (3.125c − 1.25a − 30.66)s² + 30.66b·s + 30.66a = 0

सगळे पोल डावीकडे हवेत तर सगळे सहगुणक धन हवेत. शेवटचं पद 30.66a आहे. म्हणजे a धनच हवा, तिथे दुसरा मार्गच नाही. माझ्या 'दुरुस्त' केलेल्या चिन्हांनी एक पोल +1.7 च्या पुढे जाऊन बसला होता. त्या हिशोबाने एक सेंटिमीटरचं विचलन दोन सेकंदांत सुमारे बत्तीस सेंटिमीटर होतं. गाडी अगदी गणिताबरहुकूम आपटली होती.

मग गच्चीवर जाऊन झाडूचा दांडा तळहातावर तोलला. उभा दांडा घेऊन डावीकडे जायचं असेल तर हात आधी किंचित उजवीकडे न्यावा लागतो. त्याने दांडा डावीकडे झुकतो आणि मग आपण त्याच्यामागे डावीकडे जातो. 4.7 चा गेन हेच करतो. उजवीकडे गेलेल्या गाडीला थोडं आणखी उजवीकडे ढकलून तो दांडा डावीकडे पाडू पाहतो, आणि मग 39.8 चा दणकट गेन गाडीला डावीकडे ओढून आणतो. कोन तुम्ही उलट्या दिशेने मोजलात तर c आणि d ची चिन्हं बदलतील. a आणि b ची बदलणार नाहीत. हे एक वाक्य मला कुणी सांगितलं असतं तर पट्ट्याचे पैसे वाचले असते.

चिन्हं मूळपदावर आणली आणि सहाव्या गुरुवारी दांडा उभा राहिला. गाडी मात्र मध्यावर येईना, पंधरा सेंटिमीटर बाजूला जाऊन थांबली. हे शोधायला वीस मिनिटं लागली, कारण आता समीकरणावर विश्वास होता. सगळं स्थिर असताना फोर्स शून्य हवा, म्हणून कोन एक अंश चुकीचा मोजला तर गाडी 39.8 भागिले 4.7 गुणिले 0.01745, म्हणजे 0.148 मीटर सरकून ती चूक फेडते. आम्ही दांडा हाताने उभा धरून, डोळ्यांनी अंदाज घेत एन्कोडर शून्य करत होतो. तसं करूच नका. दांडा खाली लोंबकळू द्या, पूर्ण थांबला की तिथे शून्य घ्या आणि 180 अंश मिळवा. आमच्या एन्कोडरवर फेरीला 2400 काउंट, म्हणजे 1200.

अरे हो, त्या थरथरीचं राहिलंच. एक काउंट 0.15 अंशाचा. 5 मिलिसेकंदांच्या फरकाने वेग काढला की एका काउंटची उडी म्हणजे 0.52 रेडियन प्रति सेकंद. त्याला 7.6 ने गुणलं की मोटरला चार न्यूटनचा झटका. कोनीय वेगावर साधा लो-पास फिल्टर लावला आणि आवाज बंद झाला. फिल्टर फार मंद ठेवलात तर मात्र उशिरामुळे दांडा डोलायला लागतो. आणि कोन 15 अंशांपलीकडे गेला की मोटर बंद करण्याची अट प्रोग्रॅममध्ये आधी घाला, बाकीचं नंतर. रुळाच्या दोन्ही टोकांच्या अलीकडेही तीच अट घाला. ती माझ्याकडे नव्हती, हे वर आलंच आहे.

आता गाडी मध्याभोवती एक-दीड सेंटिमीटर मागेपुढे करत राहते. थांबलेलं चाक सुटायला थोडा जास्त जोर लागतो आणि हे घर्षण आमच्या समीकरणात नाहीच. पार्टनरला तेही घालवायचं होतं. मी घड्याळ पाहिलं, पाचला दहा कमी होते आणि पुढच्या गुरुवारचा फॉर्म मी भरलेला नव्हता. भरणारही नव्हते.