टक्कर इलॅस्टिक की परफेक्टली इनइलॅस्टिक, मी कसं ओळखायला लागलो

कॉलेजच्या प्रॅक्टिकलला एअर ट्रॅकवर दोन ग्लायडर होते, एक ०.२ किलोचा आणि दुसरा ०.४ किलोचा. जड ग्लायडर मधे स्थिर ठेवायचा, हलका त्याच्यावर सोडायचा आणि फोटोगेटवरून वेग काढायचे. आधी मी हलका ग्लायडर एकटाच सोडून पाहिला, दोन्ही गेटवर वेग जवळजवळ सारखाच आला म्हणजे ट्रॅक लेव्हलमधे आहे आणि घर्षण नगण्य आहे, कारण बाहेरचं बल असेल तर मोमेंटम टिकेलच असं नाही आणि मग पुढच्या सगळ्या आकडेमोडीला अर्थ उरत नाही.

आकडे सोपे करून सांगतो. हलका ०.६ मीटर प्रति सेकंद वेगाने आला, म्हणजे आधीचं मोमेंटम ०.१२ आणि कायनेटिक एनर्जी ०.०३६ ज्यूल. ग्लायडरला वेल्क्रो लावलं की दोघं चिकटून एकत्र जातात, वस्तुमान ०.६ किलो, म्हणून वेग ०.२. मोमेंटम तेवढंच, पण एनर्जी उरली ०.०१२ ज्यूल, दोन तृतीयांश गेली! हा झाला परफेक्टली इनइलॅस्टिक प्रकार.

वेल्क्रो काढून समोरासमोर चुंबक लावले (सारखे ध्रुव समोर, म्हणजे एकमेकांना ढकलतात) तर हलका ०.२ ने उलटा फिरतो आणि जड ०.४ ने पुढे जातो. इथे एक गोष्ट फार महत्त्वाची, फोटोगेट फक्त वेग किती ते सांगतो, दिशा नाही. परत येणाऱ्या ग्लायडरला मायनस लावलं नाही तर बेरीज ०.२० येते आणि वाटतं मोमेंटम कुठून तरी वाढलं. मायनस लावला की −०.०४ + ०.१६ = ०.१२, बरोबर जुळतं. एनर्जीपण ०.००४ + ०.०३२ म्हणजे पूर्ण ०.०३६, काहीच गेली नाही. हा झाला इलॅस्टिक प्रकार.

खरा प्रश्न मधल्या केसचा असतो. समजा टक्कर झाल्यावर हलका जागच्या जागी थांबला आणि जड ०.३ ने गेला. मोमेंटम ०.१२ च आहे, दोघं सुटे पण झाले, म्हणून बरेच जण लगेच इलॅस्टिक लिहून मोकळे होतात. पण एनर्जी काढा, फक्त ०.०१८ ज्यूल, निम्मी! म्हणजे ही टक्कर इलॅस्टिक नाही आणि परफेक्टली इनइलॅस्टिकपण नाही. मोमेंटम तिन्ही केसमधे सारखंच राहतं त्यामुळे त्याच्यावरून प्रकार कळूच शकत नाही.

म्हणून मी आता वर्ग-बिर्ग करायच्या आधी एकच वजाबाकी करतो, दोघं एकमेकांपासून किती वेगाने लांब जातायत ते बघतो आणि ते जवळ येण्याच्या वेगाशी ताडून पाहतो. चुंबकवाल्या केसमधे ०.४ − (−०.२) = ०.६, जवळ येतानापण ०.६, म्हणजे इलॅस्टिक. वेल्क्रोमधे शून्य. आणि मधल्या केसमधे ०.३, बरोबर निम्मा.