आवाज बंद असलेल्या जाहिरातीला कॅप्शन लावताना आलेला माझा अनुभव

पाण्याच्या फिल्टरची 15 सेकंदांची उभी जाहिरात माझ्याकडे आली होती, शूटिंग एकदम झकास, पण म्युट करून बघितली तर एक हात झाकण उघडतोय, काहीतरी फिरवतोय आणि शेवटी लोगो, बास. मुद्दा काय तर कार्ट्रिज घरीच बदलता येते, मेकॅनिक लागत नाही, आणि हे फक्त व्हॉइसओव्हरमध्ये होतं, तेही नवव्या सेकंदाला! तोवर स्क्रोल करणारा माणूस कुठच्या कुठे गेलेला असतो.

पहिल्यांदा व्हॉइसओव्हर जसाच्या तसा टाइप करून कॅप्शनची .srt फाइल बनवली. एक ओळ अशी होती, "जुनी कार्ट्रिज काढायला फक्त डावीकडे फिरवा आणि बाहेर ओढा, कुठलंही टूल लागत नाही". बोलायला जेमतेम चार सेकंद लागतात, पण वाचत बसलं तर हाताकडे लक्षच जात नाही. कॅप्शनमधले शब्द मात्र मी कमी केले नाहीत, ज्यांना ऐकू येत नाही त्यांना पूर्ण वाक्य मिळायलाच हवं, म्हणून त्याचे दोन तुकडे केले:

```
3
00:00:05,000 --> 00:00:07,200
जुनी कार्ट्रिज काढायला
फक्त डावीकडे फिरवा आणि बाहेर ओढा,

4
00:00:07,200 --> 00:00:09,000
कुठलंही टूल लागत नाही
```

(सेकंदांनंतर स्वल्पविराम, टिंब नाही, आणि फाइल UTF-8 मध्येच सेव्ह करायची, नाहीतर मराठीच्या जागी चौकोन किंवा भलतीच चिन्हं दिसू शकतात.)

मुख्य मुद्दा वेगळा, थेट व्हिडिओतच छापला. पहिल्या फ्रेमपासून "फिल्टर घरीच बदला", आणि हात फिरतो तेव्हा "मेकॅनिक नको". हा मजकूर वरच्या भागात ठेवला कारण खाली कॅप्शन येतं, दोन्ही एकावर एक आले की काहीच वाचता येत नाही. अगदी वरही नाही चालत, तिथे अकाउंटचं नाव येतं, आणि उजव्या कडेला लाइकची बटणं असतात.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते अक्षरांनी. पांढऱ्या अक्षरांना जाड काळी आउटलाइन दिली होती, मॉनिटरवर छान दिसायची पण फोनवर अनुस्वार आणि रफार गायब, आणि दोन ओळी असल्या की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना चिकटायचे. इंग्रजीसाठी बनवलेल्या टेम्प्लेटमध्ये हे होणारच, तिथे ओळींमध्ये एवढी जागा सोडलेलीच नसते. शेवटी आउटलाइन काढली, मागे गडद पट्टी टाकली, फॉन्ट बोल्डऐवजी मीडियम घेतला आणि ओळींमधलं अंतर वाढवलं.

मग ज्याने जाहिरात आधी बघितलीच नव्हती अशा एका सहकाऱ्याला फोन म्युट करून, ब्राइटनेस कमी करून दाखवली. त्याने विचारलं, "म्हणजे माणूस बोलवायचा नाही ना?" एवढंच हवं होतं.

फक्त ऑफरची शेवटची तारीख व्हिडिओत छापलेल्या मजकुरातच टाका, असं फिल्टरवाले म्हणत होते, ती मी शेवटच्या वेगळ्या कार्डावर ढकलली. तारीख बदलली की तेवढंच कार्ड बदलून एक्स्पोर्ट मारायचा, बाकीच्या टायमिंगला हात लावायला नको.