पैसं नकोत, पत्ता द्या

रंकाळ्याच्या काठावर रविवारी सकाळी गावठी पिल्लांचं दत्तक शिबिर लावायचं ठरलं आणि फ्लेक्सवरच्या घोषणा माझ्या गळ्यात पडल्या. जाहिरातीत काम करतो म्हटल्यावर लोक असलं काम हक्कानं देतात.

ग्रुपवर आधीच यादी तयार होती. ‘मुक्या जिवाला हक्काचं घर द्या’, ‘गावठी कुत्रं कधी आजारी पडत नाही’, ‘मोफत! मोफत! मोफत!’ पहिली घोषणा लोक नुसती वाचतात, हळहळतात आणि मिसळ खायला जातात. पण पुढच्या दोन मला धोक्याच्या वाटल्या.

आमच्या डॉक्टरबाईंनी आजारपणाची घोषणा तिथल्या तिथं खोडली. गावठी कुत्रं इथल्या हवेला सरावलेलं असतं, हस्कीसारखं एप्रिलमध्ये फरशीला पोट लावून धापा टाकत नाही, हे खरं. पण पार्वो जात बघत नाही. लस न झालेल्या पिल्लाला झाला की उलट्या, रक्ताची हगवण, आणि दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. शिवाय लागण झाल्यावर लक्षणं दिसायला काही दिवस जातात, म्हणजे स्टॉलवर उड्या मारणारं पिल्लू घरी जाऊन चार दिवसांनी आडवं पडू शकतं. ‘आजारी पडत नाही’ वाचून नेणारा माणूस लस कशाला टोचेल? म्हणून तिथं लिहिलं: ‘आधी लस, मग रस्ता’. पिल्लू साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं डोस चालतात, रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. तोवर बाहेरच्या कुत्र्यांत सोडायचं नाही, हे त्या चार शब्दांत बसलं.

‘मोफत’वर मात्र वाद झाला. एक जण म्हणाला, “भावा, फुकट म्हटल्याबिगर कोण थांबतंय?” थांबतात की! पण कोण थांबतात ते आधीच्या शिबिरात आम्ही बघितलेलं. “रानात राखणीला बांधायला दोन द्या,” म्हणणारे. पिल्लू जन्मभर साखळीला, आणि फोन केला तर नंबर बंद. मग मी लिहिलं: ‘पैसं नकोत, पत्ता द्या’. ‘पैसे’ की ‘पैसं’ यावर अर्धा तास गेला, शेवटी कोल्हापूर जिंकलं. पत्ता म्हणजे आधार कार्डची झेरॉक्स आणि महिन्याभरात आमचं कुणीतरी घरी येऊन बघणार, याला होकार. हे वाचून काही लोक टेबलापर्यंत येऊन परत फिरले. ते फिरावेत म्हणूनच तर ती ओळ होती.

खरा पेच माद्यांचा. नर दुपारपर्यंत संपतात आणि टोपलीत माद्या उरतात. शिबिराआधीच बघायला आलेल्या एक मावशी काळ्या पिल्लाला मांडीवर घेऊन बराच वेळ बसल्या, त्याचा एक कान ताठ, दुसरा अर्ध्यात दुमडलेला. मग उलटं करून बघितलं आणि खाली ठेवलं. “कुत्री हाय व्हय? नको बाई, पिल्लं घालतीया.” या वाक्याला ‘मुलगी वाचवा’ छापाचं उत्तर देणं मला पटेना. मावशींची अडचण खरी होती, माया कमी नव्हती. म्हणून घोषणेत अडचणीचाच बंदोबस्त केला: ‘मादी न्या. ऑपरेशन आमच्याकडं.’ सहाव्या महिन्याच्या आसपास, पहिल्यांदा माजावर यायच्या आत नसबंदी केली की पिल्लांचा प्रश्न मिटतो, गर्भाशयात पू होण्याचा धोकाही जातो. नंतर दहा-बारा दिवस टाके चाटू द्यायचे नाहीत, एवढंच घरच्यांचं काम. पण ही ओळ छापण्याआधी खर्च कोण करणार ते पक्कं करून घेतलं. नुसता शब्द फ्लेक्सवर टाकला असता तर सहा महिन्यांनी तीच कुत्री रंकाळ्यावर दिसली असती.

‘रस्ते कुत्रेमुक्त करूया’ कुणीतरी सुचवलं होतं, तेही काढलं. चार-सहा पिल्लं घरात गेल्यानं रस्ता मोकळा होत नाही, ते काम नसबंदीचं. आणि भटक्या कुत्र्यांबद्दलच्या केंद्राच्या 2023 च्या नियमांप्रमाणं नसबंदी केलेलं कुत्रं पकडलं होतं तिथंच परत सोडायचं असतं.

जातिवंत कुत्री घेणाऱ्यांना टोमणे मारायचे नाहीत, हेही मी धरून बसलो. सकाळी तिथं लॅब्रडॉर फिरवायला आणणारेच तर आमचं पहिलं गिऱ्हाईक. त्यांच्यासाठी एकच ओळ: ‘दुसरं घ्यायचंय? गल्लीतलं घ्या.’

फ्लेक्सवाल्यानं प्रूफ पाठवलं तर त्यावर नेटवरचं गोल्डन रिट्रीव्हरचं पिल्लू! “दादा, हेच गोड दिसतंय,” म्हणाला. मी त्या दुमडक्या कानाच्या काळीचा फोटो पाठवला. मागं पांढरी चादर धरून काढलेला, नाहीतर काळं पिल्लू फ्लेक्सवर नुसता डाग दिसतं.

काळी गेली राजारामपुरीतल्या एका घरात. ते बघायला आले होते नर. फॉर्म भरताना काकांनी विचारलं, “ऑपरेशनचं लिहून देताय न्हवं?” लिहून दिलं. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी मात्र अजून घोषणा सुचलेली नाही. तूर्त फॉर्मवर बारीक अक्षरात आहे: घरमालकाला विचारून या.