‘आमच्याच कंपनीत का?’

आमच्या पॉलिटेक्निकमध्ये प्लेसमेंटचं काम माझ्याकडे येऊन सहा वर्षं झाली. बाहेरच्यांना वाटतं, आम्ही कंपन्यांना बोलावतो आणि मुलांना रांगेत बसवतो. प्रत्यक्षात फेब्रुवारी ते मे माझा निम्मा वेळ मुलांचे फॉर्म वाचण्यात जातो. फॉर्ममधला सगळ्यात वाईट रकाना म्हणजे ‘आमच्याच कंपनीत का?’ तिथे एकच परिच्छेद लिहायचा असतो. आमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर त्याचा एक तयार नमुना वर्षानुवर्षं पडून होता, त्यात फक्त कंपनीचं नाव बदलायचं. एका वर्षी तीन मुलांनी तेही बदललं नाही. मागच्या कंपनीचं नाव तसंच पुढच्या कंपनीला गेलं. मुलांवर मी चिडले, पण नमुना आम्हीच हातात दिला होता.

या वर्षी एक ठिबक सिंचनाची कंपनी आली. जागा क्षेत्रीय सेवा अभियंत्याच्या होत्या, म्हणजे शेतात जाऊन बसवलेले संच तपासायचे. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाचा एक मुलगा, आटपाडीकडचा, फॉर्म घेऊन आला. मुदत संध्याकाळी सहाची होती आणि तो आला तेव्हा दोन वाजले होते. फॉर्म इंग्रजीत होता, इथे मराठीत देते:

“आपली कंपनी सिंचन क्षेत्रातील अग्रगण्य कंपनी असून लाखो शेतकऱ्यांच्या जीवनात तिने क्रांती घडवली आहे. अशा नामांकित संस्थेत काम करण्याची संधी मिळाल्यास मी ते माझे भाग्य समजेन.”

मी कंपनीचं नाव बोटाने झाकलं आणि त्याला परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगितलं. मग म्हटलं, “आता तिथे त्यांच्या स्पर्धक कंपनीचं नाव घालून वाच.” त्याने वाचलं. एक शब्दही अडला नाही. तो गप्प झाला.

असं लिहिणं म्हणजे समोरच्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवणं. पण निवड करणाऱ्याच्या टेबलावर त्याच झाडाची पन्नास पानं असतात. आपण अग्रगण्य आहोत हे त्याला माहीत असतं. आपण कोण आहोत हे या मुलाला कशावरून माहीत आहे, एवढंच त्याला बघायचं असतं.

म्हणून मी विचारलं, “यांच्याबद्दल तुला असं काय माहीत आहे, जे दुसऱ्या कंपनीबद्दल माहीत नाही?”

“काही नाही, मॅडम. चुलत्यांच्या डाळिंबाला यांचंच ड्रीप आहे, तेवढंच.”

तेवढंच! मी खुर्ची पुढे ओढली.

बोअरचं पाणी जड, चौथ्या वर्षी काही झाडं सुकायला लागली. चुलते म्हणाले, मोटर कमी पडते. या पोराने प्रोजेक्टसाठी म्हणून चार लॅटरल, म्हणजे झाडांच्या ओळीतून जाणाऱ्या ड्रीपरच्या नळ्या, निवडल्या आणि प्रत्येकीवर सुरुवात, एक तृतीयांश, दोन तृतीयांश आणि शेवट अशा चार जागी ड्रीपरखाली डबे ठेवले. ड्रीपर ताशी चार लिटरचा, म्हणजे तीन मिनिटांत २०० मिलि यायला हवं. सोळा डब्यांची सरासरी आली १७०. सगळ्यात कमी चार डब्यांची सरासरी ११९. म्हणजे एकूण सरासरीच्या सत्तर टक्के. चांगल्या संचात हा आकडा नव्वदच्या वर असतो.

मग त्याने जे सांगितलं त्याचं मला फार कौतुक वाटलं. दाब कमी असता तर लॅटरलच्या शेवटाकडचेच डबे सगळ्यात कमी भरले असते. पण त्या चारांतला एक डबा लॅटरलच्या अगदी सुरुवातीचा होता. म्हणजे दोष मोटरचा नव्हता, ड्रीपर चोंदले होते. त्याने एक ड्रीपर ब्लेडने कापला, आत पांढरा थर होता. त्यावर लिंबू पिळलं तर बारीक फेस आला. क्षारच.

“आणि कंपनीची पुस्तिका?”

ती चुलत्यांच्या ट्रंकेत, सातबाराच्या खाली सापडली. आम्ल-प्रक्रिया कशी करायची हे त्यात आकृतीसह दिलं होतं: सामू चारच्या आसपास येईल इतकं आम्ल सोडायचं, संच चोवीस तास बंद ठेवायचा, मग लॅटरलची टोकं उघडून धुऊन काढायचं. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही, हे ठळक अक्षरांत. चार वर्षांत ते पान कुणी उघडलं नव्हतं.

मग आम्ही जाहिरात पुन्हा वाचली. या जागेवरचा माणूस प्रत्येक संचाला वर्षातून दोनदा भेट देईल, असं तिच्यात होतं. त्या मोसमात आमच्याकडे आलेल्या दुसऱ्या कुठल्याच जाहिरातीत ते नव्हतं. उत्तर तिथे होतं. साडेचारला परिच्छेद असा झाला:

“आटपाडीजवळ माझ्या चुलत्यांच्या डाळिंब बागेत तुमचा संच आहे. मी सोळा ड्रीपरचं पाणी मोजलं: सरासरी १७० मिलि, सगळ्यात कमी चारांची ११९. आत क्षार साचले होते. त्यावरचा उपाय तुमच्या पुस्तिकेत आहे, पण ते पान घरात कुणी वाचलं नव्हतं. तुमच्या जाहिरातीत वर्षातून दोन भेटी लिहिल्या आहेत. ते पान बांधावर उभं राहून करून दाखवायचं काम मला हवं आहे.”

विभागप्रमुख म्हणाले, ११९ चा आकडा काढा, कंपनीला झोंबेल. मी काढू दिला नाही. या कामासाठी माणूस शोधणाऱ्याला तो आकडा झोंबणार नाही, कामाचा वाटेल, असं मला वाटलं, आणि आजही वाटतं.

पण मी एक केलं. रकान्यात जागा उरली होती. कंपनीच्या वेबसाइटवर नव्या चाचणी प्रयोगशाळेची बातमी होती. मी स्वतः टाइप केलं: “तुमच्या नव्या प्रयोगशाळेतल्या चाचण्यांमधून शिकायला मला आवडेल.” वाक्य खरं होतं, त्यांच्याच कंपनीपुरतं होतं. पोराने मान डोलावली. सहाला दहा मिनिटं कमी असताना फॉर्म गेला.

मुलाखतीहून तो परत आला तेव्हा सरळ माझ्याकडे आला नाही. दुसऱ्या दिवशी आला. पहिली दहा मिनिटं ते डब्यांबद्दलच बोलत होते, म्हणाला. एकाने तर लिंबाचं ऐकून वही काढली. मग दुसऱ्या साहेबांनी विचारलं, प्रयोगशाळेतली कुठली चाचणी तुम्हाला बघायची आहे? त्याला एकही सांगता आली नाही. पुढे विचारलं, मग हे का लिहिलंत? तो म्हणाला, “ते वाक्य आमच्या मॅडमनी घातलंय.”

खोटं बोलला नाही, याचा मला अभिमान आहे. पण त्यानंतर डब्यांचे आकडे तरी त्याचे स्वतःचे आहेत का, हेही त्यांनी विचारलं. तो प्रश्न माझ्या वाक्यामुळे आला. वेबसाइटवरून उचललेली बातमी नेमकी दिसते, पण तिच्यापर्यंत त्या मुलाची पायवाट नव्हती. पुस्तिकेच्या पानापर्यंत होती, ट्रंकेपर्यंत होती.

त्याचं नाव प्रतीक्षा यादीत आहे, दुसरं.

मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. चुलत्यांबरोबर त्याने आम्ल-प्रक्रिया केली आणि त्याच सोळा जागी पुन्हा डबे लावले. सरासरी १८५, कमी चारांची १६१. सत्त्याऐंशी टक्के. “कंपनीला कळवू का, मॅडम?” त्याने विचारलं. मी म्हटलं, कळव, पण मला दाखवायला आणू नकोस, तुझ्या शब्दांत जसं येईल तसं पाठव.